मेल दोनच पाठवले, मग मर्यादा कशी संपली?

प्रश्न: आमच्या कुटुंबाचा मेळावा आहे, यादीत ३४० पत्ते आहेत. माझ्या साध्या जीमेल खात्यावरून सगळ्यांना बीसीसीत टाकून एक मेल पाठवला. तारीख चुकली होती म्हणून तासाभराने दुरुस्तीचा मेल पाठवला, तर तो गेलाच नाही. आता एकट्या मावशीलाही मेल जात नाहीये. दिवसाला ५०० मेलची मर्यादा असते ना? मी तर दोनच पाठवले! आणि बीसीसीत टाकल्यावर कोणाला कोणाचा पत्ता दिसत नाही हे नक्की ना? मागच्या वेळी सीसीत टाकल्यामुळे फार मनस्ताप झाला होता.

उत्तर:

मेल दोन होते, पण पोचवायच्या प्रती ६८० होत्या. मर्यादा मोजली जाते ती अशी. तुम्ही ‘पाठवा’चं बटण एकदा दाबलं तरी सर्व्हरला ते पत्र ३४० ठिकाणी पोचवावं लागतं आणि तो प्रत्येक ठिकाण वेगळं मोजतो. पहिल्या मेलने तुमचे ५०० पैकी ३४० संपवले. उरले १६०. दुरुस्तीच्या मेलला पुन्हा ३४० हवे होते, म्हणून तो अडला. पत्ता टूमध्ये आहे, सीसीत आहे की बीसीसीत, याने मोजणीत काहीही फरक पडत नाही. बीसीसी पत्ता लपवते, मोजणीतून वगळत नाही.

तुम्हाला पडद्यावर `You have reached a limit for sending mail` असं काहीतरी दिसलं असेल. मोबाइलमधल्या किंवा संगणकावरच्या एखाद्या वेगळ्या मेल अ‍ॅपमधून पाठवला असेल तर परत आलेल्या मेलमध्ये `550 5.4.5` हा आकडा आणि `Daily user sending limit exceeded` हे शब्द असतील. दोन्हींचा अर्थ एकच. खात्याला काही झालेलं नाही, ते कोणी ताब्यात घेतलेलं नाही, येणारे मेल येत राहतील. फक्त बाहेर जाणारी वाट बंद आहे आणि ती १ ते २४ तासांत आपोआप उघडते. तोवर दुरुस्तीचा मेल पुन्हा पुन्हा पाठवून बघण्यात अर्थ नाही. मावशींना फोन करा, आणि तारीख चुकल्याचं जवळच्या चार जणांना सांगून ठेवा.

एक गोष्ट मात्र करू नका. घाईघाईने नवीन जीमेल खातं उघडून तिथून उरलेल्यांना पाठवायचा मोह होईल. कालच उघडलेल्या खात्यावरून एकदम शेकडो पत्त्यांना मेल जाणं ही स्पॅम पाठवणाऱ्यांची नेहमीची खूण आहे, त्यामुळे नवीन खात्याकडे सगळेच सेवादार संशयाने बघतात. मायक्रोसॉफ्ट तर आउटलुकच्या नव्या खात्यांना मुद्दाम कमी मर्यादा देतं आणि खात्याची पत तयार झाली की ती वाढवतं. शिवाय अनोळखी पत्त्यावरून ‘मेळाव्याची तारीख बदलली आहे’ असा मेल आला तर शहाणा नातेवाईक तो उघडणारच नाही. आणि त्याने तो उघडू नये हेच बरोबर आहे.

तुमच्या यादीतल्या कोणाला दुसऱ्या सेवेवरून पाठवायचं काम द्यायचं असेल तर तिथले आकडे वेगळे आहेत. आयक्लाउडवर दिवसाला १,००० पत्ते आणि एका मेलमध्ये ५००. आउटलुकवर जुन्या, वापरातल्या खात्याला याहून जास्त मोकळीक मिळू शकते, पण ती त्या खात्याच्या इतिहासावर ठरते. आणखी एक वाट पुष्कळ लोक सुचवतात. पत्ते गूगल शीटमध्ये ठेवायचे आणि छोट्या स्क्रिप्टने प्रत्येकाला नावानिशी मेल पाठवायचा. कल्पना छान आहे, पण वैयक्तिक खात्यावर स्क्रिप्टमधून दिवसाला फक्त १०० पत्ते चालतात. तुमच्या यादीला चार दिवस लागतील. काही कार्यालयांच्या सशुल्क खात्यांना २,००० पर्यंत मर्यादा असते, पण घरगुती यादी कार्यालयाच्या खात्यावर चढवू नका. नातेवाइकांनी पत्ते तुम्हाला दिलेत, तुमच्या कार्यालयाला नाही.

वाट उघडल्यावर काय करायचं

सर्वांत आधी आकडेमोड. पुढचा मेल सगळ्यांना एकाच दिवशी पाठवला तर त्यातही चूक निघाल्यास तुम्ही पुन्हा आजच्याच जागी येऊन अडकाल. म्हणून दिवसाचा कोटा ठरवताना नेहमी दुरुस्तीची जागा राखून ठेवा. तुमच्या बाबतीत हे सोपं आहे. यादीचे दोन भाग करा, १७०-१७० चे. आज पहिल्या १७० जणांना पाठवा. चूक सापडलीच तर त्याच १७० जणांना दुरुस्ती पाठवता येईल, एकूण झाले ३४०. तरीही मावशीला, बँकेला, शाळेला लिहायला दीडशेच्या वर जागा उरते. उद्या उरलेले १७०, आणि त्यांना थेट बरोबर तारखेचाच मेल जाईल.

‘दिवस’ म्हणजे मात्र मध्यरात्री बारा ते बारा असं धरू नका. मागच्या २४ तासांत किती पत्ते गेले ते मोजा. काल रात्री दहाला ३०० पाठवले असतील तर आज सकाळी ते ३०० अजून खात्यावर आहेत असंच समजून चाला. तारीख बदलली म्हणून पाटी कोरी होईल, या समजुतीवर मी कितीतरी लोक अडकलेले पाहिलेत.

१७० सुद्धा एका मेलमध्ये टाकू नका. एकेका मेलमध्ये ५०-६० पत्ते, मध्ये अर्धा-पाऊण तास. याचं कारण मर्यादा नाही. कारण असं की एवढ्या मोठ्या यादीत काही पत्ते मेलेले असतातच. कोणी नोकरी सोडली, कोणाचं जुनं खातं बंद झालं, कोणाच्या पत्त्यात `gmial.com` असं लिहिलेलं आहे. असे मेल परत येतात, आणि एका फटक्यात खूप मेल परत आले तर सर्व्हरला वाटतं की हा माणूस कुठून तरी उचललेली यादी वापरतोय. ५० च्या तुकडीत चार परत आले तर तुम्हाला ते दिसतात, यादी सुधारता येते आणि मग पुढची तुकडी सोडता येते. परत आलेल्या मेलमध्ये `550 5.1.1` असेल तर तो पत्ता अस्तित्वात नाही. तो यादीतून काढा आणि त्या व्यक्तीला फोनवर नवीन पत्ता विचारा. न पोचलेला पत्ताही तुमच्या कोट्यातून खर्च झालेला असू शकतो, म्हणून मोजताना तो धरूनच चालावं.

पहिली तुकडी तर याहून लहान ठेवा, दहा-बारा जणांचीच. त्यात अशी माणसं घ्या जी मेल खरोखर वाचतात आणि चूक दिसली की लगेच फोन करतात. प्रत्येक कुटुंबात असा एखादा काका किंवा आत्या असतेच. त्यांना पाठवून दोन तास थांबला असता तर तुमची चुकलेली तारीख ३४० घरांत गेलीच नसती.

बीसीसी खरंच लपवते का?

हो, आणि ती कशी लपवते ते एकदा बघितलं की तुमची भीती योग्य जागी जाईल. मेलचे दोन भाग असतात, पाकीट आणि आतला कागद. पाकिटावरचे पत्ते फक्त पोचवणाऱ्या सर्व्हरसाठी असतात. आतल्या कागदावर जे छापलेलं असतं तेच वाचणाऱ्याला दिसतं. तुमचं खातं पुढच्या सर्व्हरशी साधारण असं बोलतं:

```
MAIL FROM:<mee@example.com>
RCPT TO:<kaka@example.net>
RCPT TO:<atya@example.net>
DATA
From: mee@example.com
To: mee@example.com
```

`RCPT TO` च्या ओळी हे पाकीट. `DATA` च्या खालचा मजकूर हा कागद. काका आणि आत्या पाकिटावर आहेत, कागदावर कुठेच नाहीत. पाकीट पोचलं की ते टाकून दिलं जातं. म्हणून काकांनी मेल कितीही उलगडून पाहिला, पुढे पाठवला, छापून काढला, तरी आत्याचा पत्ता त्यात सापडणार नाही. तो तिथे लिहिलेलाच नाही.

याची खात्री स्वतः करून घ्या. तुमचं दुसरं एखादं खातं असेल तर तेही बीसीसीत टाका. तिथे आलेला मेल संगणकावर उघडा, वरच्या तीन टिंबांवरून `Show original` निवडा. मेलचा कच्चा मजकूर दिसेल, त्यात इतर नातेवाइकांपैकी कोणाचाही पत्ता शोधून पाहा, सापडणार नाही. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाखालचा छोटा बाण दाबला की `bcc: me` असं दिसू शकतं. ते पाहून घाबरू नका. वाचणाऱ्याला फक्त स्वतःचं नाव दिसतंय, दुसऱ्या कोणाचं नाही.

मग पत्ते फुटतात कुठून? माझ्या अनुभवात ते नेहमी माणसाच्या हातून फुटतात, आणि त्याच त्या दोन-तीन ठिकाणी.

सर्वांत मोठं ठिकाण म्हणजे चुकीचा रकाना. नवीन मेल उघडला की कर्सर टूमध्ये असतो आणि बीसीसीचा रकाना दिसतच नाही, तो `Bcc` वर दाबून उघडावा लागतो. घाईत माणूस यादी चिकटवतो ती सरळ टूमध्ये. मी मेल सर्व्हर सांभाळायला लागलो त्या वर्षी माझ्याच हातून हे झालंय. दोनशे लोकांचे पत्ते दोनशे लोकांसमोर उघडे पडले. मी पुढचे दोन दिवस एकेकाला फोन करून माफी मागत होतो. त्यातल्या एका बाईंनी जुना त्रास देणारा माणूस टाळण्यासाठी पत्ता मुद्दाम बदलला होता, आणि तो माणूस त्याच यादीत होता. त्यांचा आवाज मला अजून आठवतो. म्हणून ‘घरातलीच तर माणसं आहेत’ असं मी कधीच म्हणत नाही. घरातही बोलणं तुटलेलं असतं, घटस्फोट झालेले असतात, आणि आपला पत्ता कोणाकडे नको हे ज्याचं त्याला ठाऊक असतं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी विषय आणि मजकूर लिहायचा, पत्ते सर्वांत शेवटी. संगणकावर `Ctrl+Shift+B` दाबलं की जीमेलमध्ये कर्सर थेट बीसीसीत जातो. यादी तिथे चिकटवायची. टूमध्ये फक्त स्वतःचा पत्ता. मग पाठवण्याआधी टू आणि सीसीचे रकाने मोठ्याने वाचायचे. टूमध्ये एक नाव, सीसी रिकामी, असं कानावर आलं की मगच बटण. आणि आजच सेटिंगमध्ये जाऊन `Undo Send` ची वेळ ५ वरून ३० सेकंद करा, पानाच्या तळाशी जाऊन बदल जतन करा. ‘पाठवा’ दाबल्याबरोबर चूक लक्षात येते, हे तुम्हालाही माहीत असेल. त्या अर्ध्या मिनिटात मेल मागे घेता येतो. एकदा तो समोरच्या सर्व्हरवर पोचला की जीमेलमधून परत ओढता येत नाही.

टू अगदी रिकामा ठेवून फक्त बीसीसीनेही मेल जातो, पण मग वाचणाऱ्याला `undisclosed-recipients` असं काहीतरी दिसतं, आणि असे मेल स्पॅममध्ये जाण्याची शक्यता वाढते. स्वतःचा पत्ता घालणं बरं. प्रत्येक तुकडीत तो एक पत्ता कोट्यात धरा, म्हणजे हिशेब चुकत नाही.

टूमध्ये आजोबांचं नाव आदराने घालावं असं पुष्कळांना वाटतं. ते टाळा. एक तर त्यांचा पत्ता सगळ्यांना दिसेल. दुसरं म्हणजे बीसीसीतला कोणी ‘सगळ्यांना उत्तर’ दाबतो तेव्हा त्याचं उत्तर तुम्हाला आणि टू-सीसीतल्या लोकांना जातं. बाकीचे बीसीसीतले त्यात येत नाहीत. म्हणजे मागच्या वेळी सीसीमुळे ‘आम्ही येतोय’, ‘आम्हाला जमणार नाही’ अशा उत्तरांचा जो पाऊस सगळ्यांवर पडला, तो या वेळी पडणार नाही. पण टूमध्ये आजोबा असतील तर तो सगळा त्यांच्या खात्यावर पडेल. टूमध्ये तुम्हीच असलात तर उत्तर कसंही दिलं तरी ते तुमच्याकडेच येतं.

याच नियमाची एक उलटी बाजूही सांगतो, कारण नात्यांमध्ये ती फार बोचते. दोन भावांच्या बोलाचालीच्या मेलमध्ये तिसऱ्याला गुपचूप बीसीसीत ठेवू नका. त्याने सवयीने ‘सगळ्यांना उत्तर’ दाबलं की तो सगळं वाचत होता हे दोघांनाही क्षणात कळतं. त्याला कळवणं गरजेचंच असेल तर आधी मेल पाठवा आणि मग पाठवलेला मेल त्याला वेगळा पुढे पाठवा. तेव्हा त्याचं उत्तर फक्त तुम्हालाच येईल.

दुसरं फुटण्याचं ठिकाण तुमचाच पाठवलेल्या मेलचा कप्पा आहे. वाचणाऱ्याच्या प्रतीत बीसीसी नसते, पण तुमच्या प्रतीत पूर्ण यादी असते, कारण कोणाला पाठवलं हे तुम्हाला कळायला हवं. आमच्याच नात्यातल्या एकाने ‘बघा, सगळ्यांना आमंत्रण गेलंय’ हे दाखवायला त्या मेलचा स्क्रीनशॉट काढून घरच्या गटात टाकला. तपशील उघडा होता, साठ पत्ते त्यात स्पष्ट वाचता येत होते. पुरावा द्यायचाच असेल तर बीसीसीतून ज्याला मेल मिळाला आहे त्याच्या प्रतीचा फोटो द्या.

तिसरं ठिकाण म्हणजे सोबतची शीट. ‘येणार असाल तर इथे नाव लिहा’ म्हणून सगळ्यांना उघडी असलेली शीट जोडली आणि तिच्या एका स्तंभात फोन आणि मेल असतील, तर बीसीसीत केलेली सगळी काळजी वाया जाते. उत्तर मेलनेच मागवा. ३४० घरांची उत्तरं तुमच्याकडे येतील, काम वाढेल, पण ती शीट तुमच्याजवळच राहील.

यादी सांभाळायची जागा मेलचा जुना धागा नव्हे, `contacts.google.com` आहे. तिथे नातेवाइकांना लेबल लावा, आणि एका मोठ्या लेबलऐवजी तुकड्यांनुसार सहा-सात लेबलं करा: ‘मेळावा १’, ‘मेळावा २’ अशी. संगणकावर बीसीसीत लेबलचं नाव लिहायला सुरुवात केली की ते समोर येतं आणि निवडल्यावर त्यातले सगळे पत्ते भरले जातात. पुढच्या वेळी चिकटवताना एखादा पत्ता सुटणं किंवा स्वल्पविराम राहून दोन पत्ते एकमेकांना जोडले जाणं, हे बंद होतं. ज्यांना दोन खाती आहेत त्यांचं एकच खातं ठेवा. ती वगळल्यावर तुमची ३४० ची यादी बरीच आखूड होईल असं मला वाटतं.

आता दुरुस्तीच्या मेलचा मजकूर. पहिल्या ओळीतच तुमचं पूर्ण नाव आणि नातं लिहा, कारण लांबच्या शाखेतल्या माणसाला तुमचा पत्ता ओळखीचा नसतो. असं काहीतरी:

‘मी अमुक, अमुक काकांचा मुलगा. परवा पाठवलेल्या आमंत्रणात तारीख चुकली होती, बरोबर तारीख खाली आहे. हा मेल सगळ्यांना एकमेकांचे पत्ते न दाखवता पाठवला आहे, तुमचं उत्तर फक्त मला येईल. असे मेल नको असतील तर तेवढं कळवा, नाव काढतो.’

शेवटचं वाक्य वगळू नका. ज्याला मेल नकोय आणि सांगायची सोय नाही, तो स्पॅमचं बटण दाबतो. पाच-दहा नातेवाइकांनी ते दाबलं की उरलेल्यांना जाणारे तुमचे मेलही स्पॅममध्ये पडायला लागू शकतात.

विषयात ‘दुरुस्ती: मेळाव्याची तारीख’ असं स्पष्ट लिहा आणि जुन्या मेलला उत्तर म्हणून न पाठवता नवीन मेल लिहा. जुन्या धाग्याखाली गेला तर काहींना आधी चुकीची तारीखच दिसेल.

आज संध्याकाळपर्यंत वाट उघडली नाही तर उद्या सकाळी आधी एकच मेल पाठवून बघा, मावशींना. तो गेला की मग त्या दहा-बारा जणांची पहिली तुकडी.